सोळा गोण्या राडारोडा आणि एक टाकी

मार्चमधल्या एका संध्याकाळी जळगावहून माझ्या मावसभावाने मोबाइलवर एक फोटो पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, "भाऊ, आते काय करानं?" फोटो त्याच्या इमारतीच्या सूचनाफलकाचा होता. कोणीतरी तो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. सूचनेत फ्लॅटचा क्रमांक होता आणि मजकूर असा होता की, या फ्लॅटमधील भाडेकरूने संस्थेची परवानगी न घेता नूतनीकरण केले आहे, भिंत तोडली आहे, बाल्कनीत फेरबदल केला आहे, त्यामुळे इमारतीला धोका निर्माण झाला आहे. सात दिवसांत सर्व पूर्ववत करावे, अन्यथा दहा हजार रुपये दंड आकारून पाणी बंद करण्यात येईल.

मी धुळ्यात इमारतींच्या दुरुस्तीची कामं पाहतो. अशा सूचना मला नवीन नाहीत, पण घरातल्याच माणसावर आलेली ही पहिलीच. भावाने ग्रुपवर उत्तर टाइप करून ठेवलं होतं, 'आम्ही कुठलंही काम केलेलं नाही.' पाठवण्याआधी त्याने मला विचारलं हे बरं झालं, कारण ते वाक्य खरं नव्हतं. बाथरूमचं काम झालं होतं आणि बाल्कनीत पाण्याची टाकी ठेवली होती. भिंत मात्र तुटली नव्हती. तीन आरोपांना एकच सरसकट नकार दिला असता, तर पाहणीला आलेल्या माणसाने टाकी बघताक्षणी भिंतीबद्दलचं खरं उत्तरही खोटं ठरवलं असतं.

पहिलं काम फोटोचं. ग्रुपवरचा फोटो खालून कापला गेला होता आणि तारीख नेमकी तिथेच असते. मी त्याला खाली जाऊन फलकासमोर उभं राहून स्वतः दोन फोटो काढायला सांगितले. एकात कागदाच्या चारही कडा दिसाव्यात, दुसऱ्यात कागदासह सगळा फलक यावा. त्या फोटोंतून कळलं की सूचना चार दिवसांपूर्वीच्या तारखेची आहे. म्हणजे सातातले चार दिवस भावाला ती दिसण्याआधीच संपले होते. खाली 'व्यवस्थापन समितीच्या वतीने' असं छापलेलं होतं. सही, शिक्का, जावक क्रमांक काहीच नव्हतं. कोणत्या उपविधीखाली सूचना काढली तेही लिहिलेलं नव्हतं.

ग्रुपवरून आलेला फोटो जपून ठेवायचाच, पण त्याच्याकडून फार अपेक्षा करू नये. व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना तो दाबून लहान करतं आणि फोटो कधी काढला ही आत दडलेली नोंद पुसून टाकतं. अँड्रॉइड फोनवर अशा फाइलचं नाव `IMG-20250312-WA0007.jpg` अशा धर्तीचं असतं. त्यातली तारीख फोटो त्या फोनवर आल्याची असते, काढल्याची नसते. मूळ फोटो कोणाला पाठवायचा असेल तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा, म्हणजे जसाच्या तसा जातो. प्रकरण पुढे न्यायालयात गेलंच, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा फोटोसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि तेव्हा मूळ फाइल ज्या फोनमध्ये आहे तो फोन महत्त्वाचा ठरतो. म्हणून फोटो काढल्यावर तो फोन विकू किंवा कोरा करू नये, इतकी खबरदारी पुरेशी आहे.

आता आरोपांकडे येऊ. बाथरूमचं काम का निघालं, तर खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली होती. घरमालक पुण्यात असतात. त्यांनी फोनवर होकार दिला, पैसे पाठवले आणि भावाने गवंडी-प्लंबर बोलावले. गंजलेली जुनी लोखंडी पाइपलाइन काढून सीपीव्हीसीची टाकली, नहाणी ट्रॅपचा सांधा नव्याने केला, जमिनीवर आणि भिंतीला तीन फुटांपर्यंत वॉटरप्रूफिंग करून वर नव्या टाइल्स बसवल्या. तीन दिवस ठोकाठोक चालली आणि जिन्यातून गोण्या भरभरून राडारोडा खाली गेला. शेजाऱ्यांनी ऐकलं-पाहिलं ते एवढंच, आणि त्यावरून 'भिंत तोडली' हा निष्कर्ष निघाला. दुरुस्तीचा आवाज आणि तोडफोडीचा आवाज जिन्यात सारखाच येतो, त्यामुळे तो निघाला यात मला नवल वाटत नाही.

पण राडारोडा मोजता येतो. भावाने हमालाला गोणीवर पैसे दिले होते आणि चिठ्ठीवर सोळा गोण्या लिहिल्या होत्या. हिशोब करून पाहा. बाथरूम पाच बाय सात फुटांचं, म्हणजे सव्वातीन चौरस मीटर. जमिनीवरची टाइल आणि तिच्याखालचा माल मिळून साधारण चार सेंटिमीटर निघाला. दोन भिंतींची मिळून बारा फूट लांबी आणि तीन फूट उंची, तिथून सुमारे तीन सेंटिमीटर निघाला. दोन्ही मिळून पाव घनमीटरच्या थोडं आतच, वजनाने पाचशे किलोच्या आसपास. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत हमाल तीस-पस्तीस किलोपेक्षा जास्त भरत नाही. म्हणजे चौदा ते सोळा गोण्या. आता बाथरूम आणि बेडरूममधली सात फूट लांब, नऊ फूट उंच, अर्ध्या विटेची भिंत पाडली असती, तर प्लास्टरसकट दीड टनाच्या आसपास माल निघाला असता आणि त्याच्या पंचेचाळीसेक गोण्या झाल्या असत्या. त्या जिन्यातून गेल्याच नाहीत. कामाच्या आधीचे-नंतरचे फोटो कोणी जपून ठेवत नाही, पण हमालाची चिठ्ठी बऱ्याचदा खिशात सापडते.

भिंतीला हात लावला नाही असं मात्र म्हणता येत नव्हतं, कारण पाइपसाठी झिरी मारली होती. ती किती खोल चालते याला मर्यादा आहे. रूढ नियम असा की उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक-तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक-षष्ठांशापेक्षा खोल नसावी. अर्ध्या विटेची भिंत प्लास्टर सोडून ११५ मिलिमीटर असते, म्हणजे उभी झिरी ३८ मिलिमीटरपर्यंत आणि आडवी जेमतेम १९ मिलिमीटरपर्यंत. अर्धा इंची सीपीव्हीसी पाइप बाहेरून सुमारे १६ मिलिमीटरचा असतो. तो आडवा नेला की मर्यादा जवळपास संपते, आणि पाऊण इंची पाइप आडवा त्यात बसतच नाही. भावाच्या प्लंबरने पाइप उभे उतरवले होते. कॉलम आणि बीम असलेल्या इमारतीत आतली भिंत फक्त आडोशाची असते, त्यामुळे एवढ्या झिरीने काही बिघडत नाही. पण जळगाव-धुळ्यात जुन्या कॉलन्यांमधून नऊ इंची भिंतींवर स्लॅब टेकवलेल्या इमारती आजही आहेत. तिथे भिंतच भार वाहते आणि प्रत्येक झिरीचा विचार आधी करावा लागतो. आपली इमारत कोणत्या जातीची आहे हे ओळखायचं असेल तर खाली पार्किंगमध्ये जाऊन पाहावं. खांब मोकळे उभे असतील आणि त्यांच्यावर बीम दिसत असतील तर ती सांगाड्याची इमारत. तळमजल्यापासून सलग जाड भिंतीच वर गेल्या असतील तर सावध व्हावं.

टाकीची गोष्ट वेगळी. आपल्याकडे नळाला रोज पाणी येतंच असं नाही, आणि उन्हाळा लागला की घरात साठा हवाच. भावाने पाचशे लिटरची प्लास्टिकची टाकी आणून बाल्कनीच्या कठड्याला लावून ठेवली होती. ना ठोकाठोक झाली, ना गोण्या निघाल्या. सूचनेत तिचा उल्लेख 'फेरबदल' या मोघम शब्दात आला होता आणि समितीचा सगळा जोर भिंतीवर होता. मला मात्र भीती टाकीचीच वाटली.

बाहेर काढलेली बाल्कनी एका बाजूनेच भिंतीत धरलेली असते. त्यामुळे किती वजन ठेवलं याइतकंच ते भिंतीपासून किती दूर ठेवलं हेही मोजायचं असतं. बाल्कनी चार फूट बाहेर होती. टाकी कठड्याला टेकल्याने तिचा मध्य भिंतीपासून सुमारे पाऊण मीटरवर आला. पाणी भरलं की पाचशे किलो त्या अंतरावर लोंबतात. नियमाप्रमाणे अशी बाल्कनी चौरस मीटरला तीनशे किलो भार धरून आखतात, आणि टाकीच्या आसपासच्या पट्ट्याची ती सगळी सोय एकटी टाकीच खाऊन टाकत होती. वॉशिंग मशीन, कुंड्या, दोरीवरचे ओले कपडे आणि ते वाळत घालणारं माणूस यांच्यासाठी तिथे काही उरत नव्हतं. तीच टाकी घराच्या भिंतीला चिकटवली असती तर तो ताण जवळपास निम्मा झाला असता.

अशा बाल्कनीची मुख्य सळई स्लॅबच्या वरच्या अंगाला असते, कारण ताण वरच्या बाजूला बसतो. म्हणून तडा शोधायचा तो खालून पाहून नव्हे, तर वर, जमीन घराच्या भिंतीला मिळते त्या रेषेवर. टाकी भरून वाहते, पाणी टाइलच्या फटीतून तिथेच मुरतं आणि सळई गंजू लागते. बहुतेक लोक खालच्या मजल्यावरून वर बघतात आणि पोपडे दिसले नाहीत की निश्चिंत होतात. मी भावाला त्या रेषेचा फोटो मागितला. तडा नव्हता. तरी टाकी त्याच रात्री रिकामी करायला सांगितली.

उत्तर कोणी द्यायचं हाही प्रश्न होता. संस्थेचं नातं सभासदाशी, म्हणजे घरमालकाशी असतं. राज्याच्या २०१४ च्या आदर्श उपविधींनुसार फ्लॅटमध्ये वाढ किंवा फेरबदल करायचा असेल तर समितीची लेखी परवानगी सभासदाने घ्यायची असते, आणि संडास-बाथरूमच्या आतल्या गळतीचा खर्चही फ्लॅटवाल्याचा असतो. म्हणून परवानगीबद्दल बोलायचं ते मालकाने, स्वतःच्या सहीच्या वेगळ्या पत्रात. भाडेकरूने फक्त वस्तुस्थिती सांगायची. मालकांनी समितीला लेखी कळवलेलं नव्हतं, हे खरं होतं आणि ते त्यांनी आपल्या पत्रात मान्य केलं. भावाने 'परवानगी होती' असं लिहिलं असतं तर मालकांचीही अडचण झाली असती.

मालक आणि भाडेकरू यांच्यातला हिशोब आणखी वेगळा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ प्रमाणे मालकाच्या लेखी संमतीशिवाय भाडेकरूने पक्कं बांधकाम केलं तर घर खाली करून मागता येतं. पण लाकडी आडोसा, स्वयंपाकाचा ओटा, फॉल्स सीलिंग, एसी, धुराडं यांना तोच कायदा पक्कं बांधकाम मानत नाही, मात्र जिथे लागेल तिथे महापालिकेची परवानगी हवी. भावाचा करार 'लिव्ह अँड लायसन्स'चा होता, आणि अशा करारात कायद्याच्या या आडोशापेक्षा करारातल्या अटी जास्त महत्त्वाच्या ठरतात. त्यात 'रचनात्मक बदल करायचा नाही' असं कलम होतं. म्हणून फोनवरचा होकार मालकांकडून लगेच ईमेलवर लिहून घेतला. करार अकरा महिन्यांचा असला तरी त्याची नोंदणी कायद्याने सक्तीची आहे. नोंदणी झालेली होती, त्यामुळे त्या बाजूने चिंता नव्हती.

मग आम्ही दोघांनी बसून उत्तर लिहिलं. ते असं होतं:

"प्रति, मा. सचिव. विषय: सूचनाफलकावरील सूचनेस उत्तर.

महोदय, आपल्या सूचनेचा फोटो मला काल संध्याकाळी ग्रुपवर मिळाला. त्यानंतर मी फलकावरील मूळ सूचना पाहिली. ती मला प्रत्यक्ष देण्यात आलेली नाही आणि तीवर सही नाही, तरीही गैरसमज राहू नये म्हणून हे उत्तर देत आहे.

बाथरूममध्ये गळतीची दुरुस्ती झाली आहे. खालच्या फ्लॅटमध्ये ओल येत असल्याने घरमालकांच्या सांगण्यावरून ती केली. पाइप, नहाणी ट्रॅप, वॉटरप्रूफिंग आणि टाइल्स एवढेच काम झाले. प्लंबरचे बिल, राडारोडा वाहून नेल्याची चिठ्ठी आणि ४८ तास पाणी साठवून घेतलेल्या चाचणीचे फोटो सोबत जोडले आहेत.

कोणतीही भिंत तोडलेली नाही. कॉलम, बीम किंवा स्लॅबला छिद्र पाडलेले नाही. पाइपसाठी एका भिंतीत उभी झिरी घेतली आहे.

बाल्कनीत पाण्याची टाकी ठेवली होती, हे खरे आहे. ती रिकामी केली असून येत्या रविवारपर्यंत तेथून हलवतो.

समितीने वेळ कळवून फ्लॅटची पाहणी करावी. सोबत अभियंता आणल्यास उत्तम. ज्या उपविधीखाली सूचना काढली त्याचा क्रमांक, तसेच दंडाबाबतच्या ठरावाची प्रत द्यावी. संस्थेच्या परवानगीबाबत घरमालक स्वतंत्र पत्र देत आहेत. या उत्तराने दंड मान्य केला आहे असे समजू नये."

पत्राच्या दोन प्रती काढल्या. एक सचिवांना दिली आणि दुसरीवर तारखेसह पोच घेतली. पोच द्यायला नकार मिळाला असता तर त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवायचं ठरलं होतं. ग्रुपवर भावाने एकच ओळ टाकली, 'सूचनेचं लेखी उत्तर सचिवांकडे दिलं आहे.' तिथे बिलं, फोटो, हिशोब काही टाकलं नाही. वीस जणांनी तिथे वीस प्रश्न विचारले असते आणि घाईत लिहिलेलं एखादं वाक्य पुढे पत्राच्या विरोधात वापरलं गेलं असतं.

पाणी साठवण्याची चाचणी पत्रात का घातली ते सांगतो. नहाणी ट्रॅपला बूच मारून बाथरूममध्ये तीन-चार बोटं पाणी भरतात, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करतात आणि दोन दिवस दार लावून ठेवतात. खालच्या छताला नवी ओल आली नाही आणि पातळी बाष्पीभवनापुरतीच थोडी उतरली, तर काम जमलं. प्लंबरने खुणेचे पहिले आणि शेवटचे फोटो काढले होते. ओल थांबली तरी जुना डाग वाळायला काही आठवडे लागतात, म्हणून खालच्या शेजाऱ्यांना 'अजून डाग दिसतोय' असं वाटणं साहजिक होतं. डागाची कड पेन्सिलने आखून तिथे तारीख लिहायला मी त्यांना सांगितलं. डाग त्या रेषेबाहेर गेला नाही तर नवं पाणी येत नाहीये.

दंडाबद्दल समितीची खरोखर चूक झाली होती. आदर्श उपविधींत आधी कारणे दाखवा नोटीस, मग सभासदाचं म्हणणं ऐकणं आणि मग सर्वसाधारण सभेचा निर्णय असा क्रम आहे, आणि जाणूनबुजून चालू ठेवलेल्या उल्लंघनालाही आर्थिक वर्षाला पाच हजारांची मर्यादा आहे. प्रत्येक संस्थेने स्वीकारलेली उपविधींची प्रत वेगळी असू शकते, म्हणून आपल्या संस्थेचीच प्रत मागून पाहावी. सचिवाने एकट्याने फलकावर दहा हजार लिहिले म्हणून ते देणं लागत नाही. समिती अडून बसली तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रारीची वाट आहे. तिथे अर्ज सभासदाच्या नावाने गेलेला बरा.

इथे धुळ्यातल्या वाचकांसाठी एक जोड. काही इमारतींवर 'सोसायटी' अशी पाटी असते, पण आत सहकारी संस्था नसतेच. इमारत १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली घोषणापत्राने चालते, किंवा नोंदणीकृत असं काहीच नसतं. सूचनेच्या कागदावर नोंदणी क्रमांक नसेल तर पहिला प्रश्न तोच विचारावा. अपार्टमेंट असेल तर उपविधी घोषणापत्रासोबतचे असतात आणि तक्रारीचा रस्ताही बदलतो. मात्र इमारतीच्या मजबुतीला बाधा येईल असं काम मनाने करायचं नाही, हा नियम त्या कायद्यातही आहे.

रविवारी समितीचे दोघे जण आले. त्यांनी बाथरूम पाहिलं, बेडरूमच्या बाजूने भिंतीवर टकटक करून पाहिली आणि गोण्यांची चिठ्ठी दोनदा वाचली. टाकी विकून भावाने दोनशे लिटरचे दोन पिंप घेतले होते आणि ते स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, खाली बीम असलेल्या भिंतीलगत ठेवले होते. सचिवांनी विचारलं, "बाकीच्यांच्या बाल्कनीतल्या टाक्यांचं काय?" इमारतीत तशा आणखी चार टाक्या होत्या आणि त्यातली एक त्यांची स्वतःची होती. मी फोनवरच होतो. त्यांना त्या भिंतीच्या रेषेवरचा तडा कसा पाहायचा ते सांगितलं, आणि पाहून होईपर्यंत टाक्या निम्म्याच भरा म्हटलं.

सूचना फलकावरून उतरली. पण तिचा फोटो ग्रुपवर तसाच होता, कापलेला, तारखेविना. म्हणून भावाने समितीकडून दोन ओळींचं पत्र मागून घेतलं, की पाहणीत भिंत तोडल्याचे आढळले नाही, टाकी हलवली आहे, विषय बंद करण्यात येत आहे. या वेळी कागदावर जावक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का होता. त्या पत्राचा चारही कडा दिसणारा फोटो सचिवांनी स्वतः ग्रुपवर टाकला, आणि मूळ पत्र भावाने भाडेकराराच्या फाइलमध्ये लावलं.